मोजायचे ते रोजचे बोलणे

महोदय,

लोप पावणाऱ्या भाषांचे शब्दकोश आणि ध्वनिमुद्रणे म्हणजेच पुनरुज्जीवन, असा सूर असलेला आपला लेख वाचला. तो पटला नाही. आयर्लंडमध्ये आयरिश शतकभर शाळेत शिकवली जाते. २०२२च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी ती येत असल्याचे सांगितले, पण शिक्षणाबाहेर रोज बोलणारे जेमतेम ७२ हजार निघाले! याउलट न्यूझीलंडमधील माओरींनी १९८२ साली ‘कोहांगा रेओ’ या बालवाड्या काढल्या. तिथे वडीलधाऱ्यांनी मुलांना भरवताना, दटावतानाही माओरीच बोलायची, असा दंडक होता. अर्थात आईवडिलांनाच भाषा येत नसेल, तर मुलाचे घरी इंग्रजीच चालणार. म्हणून अशा उपक्रमांच्या अहवालात शब्दसंख्येआधी, किती घरांत मुलांशी ती भाषा बोलली जाते, याची नोंद मागावी.

– एक वाचक, दादर, मुंबई