सूचना : नातेसंबंध जाहीर करण्याचा नवा फॉर्म

सर्व सभासदांना नमस्कार. कंपनीने दिलेल्या फॉर्मवर सही करण्याआधी शनिवारी सायंकाळी 6 वाजता संघटनेच्या कार्यालयात बैठकीला यावे. फॉर्मची प्रत सोबत आणावी.

दोन प्रौढ सहकाऱ्यांच्या प्रेमाला कोणत्याही कायद्याने बंदी नाही. मात्र एकजण दुसऱ्याचे मूल्यमापन, पगारवाढ किंवा रजा ठरवत असेल, तर नाते कळवा असे कंपनी म्हणू शकते. उदाहरणार्थ, टीम लीडर आणि त्याच्याच टीममधली सहकारी. अशा वेळी तिचे मूल्यमापन दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावे, एवढे पुरते. बदली करायचीच असेल तर दरवेळी कनिष्ठ व्यक्तीचीच का, हे आपण विचारणार आहोत.

नाते कधी सुरू झाले, घरच्यांना माहीत आहे का, हे रकाने आपल्याला मान्य नाहीत. लग्न केल्याबद्दल नोकरीवरून काढलेल्या लष्करी परिचारिकेला सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये 60 लाख रुपये देण्याचा आदेश दिला होता, हे लक्षात ठेवा.

नाते जाहीर केले म्हणून लैंगिक छळाच्या तक्रारीचा हक्क जात नाही. महिला सभासदांनी शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार द्यावी.

बैठकीत कुणीही सहकाऱ्यांची नावे घेऊ नयेत.

– सचिव