२४ पॅनल बॉक्सच्या कामाची आजची स्थिती फोटोंसह कळवण्याबाबत

दि. १४ जून

प्रति,
उत्पादन व्यवस्थापक,
रबाळे एमआयडीसी, नवी मुंबई

महोदय,

आमच्या २४ कंट्रोल पॅनल बॉक्सची डिलिव्हरी २८ जूनला ठरली आहे. ४० टक्के अॅडव्हान्स ऑर्डरसोबतच दिला होता. काम कुठवर आलं असं विचारलं की तुमच्याकडून "चालू आहे, वेळेत देतो" एवढंच उत्तर येतं. परवा व्हॉट्सअॅपवर तुम्ही जो फोटो पाठवलात, त्याने तर काळजी वाढलीच. त्यातल्या बॉक्सच्या बिजागऱ्या उजवीकडे आहेत. आमच्या मंजूर ड्रॉइंगमध्ये त्या डावीकडे आहेत. केबलची ग्लँड प्लेटही आम्हाला खाली हवी आहे, फोटोत ती वर दिसते. तो माल आमचा नाही.

पावडर कोटिंग तुम्ही बाहेरून करून घेता. त्याला तुम्हीच सांगितल्याप्रमाणे चार दिवस जातात, पुढे गॅस्केट आणि कुलुपं बसवायला दोन. म्हणजे वेल्डिंग, ग्राइंडिंग उरकून सगळे बॉक्स २१ तारखेपर्यंत कोटिंगला गेलेच पाहिजेत. आज पत्रे नुसते कापून पडले असतील, तर ही तारीख गाठणं अवघड आहे, आणि ते आम्हाला आजच कळायला हवं.

म्हणून उद्या संध्याकाळी ५ पर्यंत फोटो पाठवा. सगळे बॉक्स एका चौकटीत दिसू देत, शेजारी आमचा जॉब नंबर आणि तारीख खडूने लिहिलेली असावी. कापलेले, बेंड झालेले आणि वेल्ड झालेले किती, तेही सोबत लिहा. दरवाजावरच्या मीटर आणि पुश बटणाच्या कटआऊटचा फोटो टेप लावून, माप वाचता येईल असा जवळून काढा. हे कोटिंगच्या आधीच व्हायला हवं. कटआऊट चुकलं आणि नंतर कापावं लागलं, तर कडेचा पत्रा उघडा पडतो आणि पुढे तिथूनच गंज धरतो. वेल्डमधली छिद्रंही पावडरखाली झाकली जातात, म्हणून कोपऱ्यांचे फोटोही आत्ताच हवेत. पावसाळी हवेत कोरा पत्रा पटकन तांबूस पडतो. तसा डाग कुठे दिसला तर लपवू नका, साफ करूनच पुढे पाठवा.

सगळे २४ जमणार नसतील तर स्पष्ट सांगा. आमच्या साइटवर पहिल्या टप्प्यात १० बॉक्स लागतात. ते आधी पूर्ण करून द्या, उरलेल्यांची नवी तारीख लेखी कळवा. वायरिंगची माणसं त्याप्रमाणे लावता येतील. फोटो आले नाहीत, तर १६ तारखेला सकाळी आमचा माणूस ड्रॉइंग घेऊन तुमच्या कारखान्यात येईल. त्याला माल दाखवावा. उरलेलं पेमेंट माल तपासल्यावरच सोडू.

आपली विश्वासू,
खरेदी विभाग प्रमुख,
वागळे इस्टेट, ठाणे