खातं बदललंय म्हणणारी ईमेल

प्रिय मित्रा,

हल्ली पुरवठादारांची बिलं तूच पास करतोस असं परवा म्हणालास, तेव्हाच हे सांगायला हवं होतं. गेल्या वर्षी मी एक मोठं बिल चोराच्या खात्यात भरता भरता वाचलो.

झालं असं, की जुन्या पुरवठादाराची ईमेल आली. संभाषण आमचंच, खाली माझीच आधीची उत्तरं, बिलाचा क्रमांक बरोबर, रक्कमही बरोबर. नवी होती ती एकच ओळ: "आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, या वेळी पैसे सोबतच्या खात्यात पाठवा." मी नवं खातं जोडायला बसलोसुद्धा. मग सहज पत्ता बघितला. कंपनीच्या नावात `modern` आहे, तिथे `modem` होतं. `r` आणि `n` शेजारी आले की `m` सारखेच दिसतात, त्यामुळे चष्मा लावूनही आधी लक्षात आलं नव्हतं. अक्षरं मोठी केली तेव्हा कुठे खात्री पटली.

पण नुसत्या डोळ्यांवर विसंबू नकोस. चोराला आमचं संभाषण मिळालं कुठून? पुरवठादाराच्या मेलबॉक्समध्ये तो आधीच शिरला होता आणि बिल निघेपर्यंत गुपचूप वाचत बसला होता. आलेली पत्रं परस्पर बाहेर पाठवणारा फॉरवर्डिंगचा नियम त्यांना नंतर सापडला. त्याने तिथूनच लिहिलं असतं तर पत्ताही खरा असता आणि पकडायला काही उरलंच नसतं.

म्हणून आता ईमेल खरी की खोटी यावर आम्ही डोकं खपवत नाही. खातं बदलायचं म्हटलं की पैसे थांबतात आणि फोन जातो, तोही करारावरच्या किंवा आमच्या जुन्या नोंदीतल्या नंबरवर. ईमेलखालच्या सहीतला नंबर चोराचा असू शकतो. नवा खाते क्रमांक आपण वाचून दाखवायचा नाही, त्यांच्याकडून वदवून घ्यायचा. घाईतला माणूस "हो, हो" म्हणून मोकळा होतो. कोणाशी, कधी, कोणत्या नंबरवर बोललो ते लिहून ठेवायचं. नोंद एकाने बदलायची, मंजुरी दुसऱ्याने द्यायची. साहेबांच्या नावाने "तातडीचं आहे" आलं तरी हेच. त्यावरून आमच्याकडे एकदा कुरबुर झाली, पण नियम राहिला.

आधी थोडी रक्कम पाठवून बघू, असं आमच्यातल्या एकाने सुचवलं होतं. ती चोराच्या खात्यातही बिनबोभाट जमा होते! "पोचली का?" असं त्याच ईमेलवर विचारलंस तर तो आनंदाने "पोचली" म्हणेल.

आणि पैसे गेलेच, तर आधी आपल्या बँकेला फोन करून व्यवहार परत मागवायला सांग, चौकशी नंतर. चोराच्या खात्यातून पैसे पुढे सरकायला काही तासही पुरतात.

तुझ्याकडे पुरवठादारांचे नंबर वेगळे लिहिलेले आहेत, की गरज पडली की तूही ईमेलमध्येच शोधतोस? कळव.

तुझा मित्र