"गुहागरला किती रिश्टर?" या प्रश्नाला उत्तरच नाहीये

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागे कोयनेचा धक्का बसला तेव्हा एका बातमीत छापून आलेलं की चिपळूणला 3.4 रिश्टरचा आणि गुहागरला 2.6 रिश्टरचा धक्का. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू पडवीत येऊन मला विचारतात, काय ओ भाऊ, आपल्याकडे कमी रिश्टर होते ना, म्हणजे आपण वाचलो. मी नोकरीची बरीच वर्षं भूकंपमापन केंद्रावर ड्रमवरचे कागद वाचण्यात घालवलीत, त्यामुळे हे वाचून राहवलं नाही.

एका भूकंपाला आकडा एकच असतो, गावागणिक नसतो. चार्ल्स रिश्टरने 1935 साली कॅलिफोर्नियात ही मोजपट्टी बनवली तेव्हा त्याच्यापुढे हीच अडचण होती, की एकाच भूकंपात जवळच्या यंत्राची रेघ खूप हलते आणि लांबच्या यंत्राची थोडी, मग खरा आकडा कुठला? त्याने ठरवलं की ठराविक प्रकारच्या यंत्रावर 100 किलोमीटर अंतरावर रेघ 1 मिलिमीटर हलली तर तो भूकंप 3 चा, 10 मिलिमीटर हलली तर 4 चा. यंत्र जवळ किंवा लांब असेल तर त्या अंतराची दुरुस्ती करायची. म्हणजे अंतराचा हिशोब आकड्यात आधीच झालेला असतो, आणि म्हणून चिपळूणचं यंत्र घ्या नाहीतर गुहागरचं, दोन्हीकडून साधारण तोच आकडा यायला हवा. थोडाफार फरक पडतो, म्हणून बऱ्याच केंद्रांची सरासरी काढतात आणि सकाळचा 3.4 संध्याकाळी 3.2 होतो, त्यात लपवाछपवी काही नसते.

आणि लोकं विचारतात "दहापैकी किती?" तर तसंही नाही, ती मार्कांची पट्टी नाहीये. एक अंक वाढला की रेघ दहापट हलते पण बाहेर पडणारी ऊर्जा साधारण 32 पट होते. कोयनेचा 1967 चा भूकंप 6.3 चा आणि भूजचा 2001 चा 7.7 चा, फरक दिसायला 1.4 चा, पण भूजमध्ये ऊर्जा शंभरपटीहून जास्त. एवढ्या मोठ्या भूकंपांना रिश्टरची मूळ पद्धत चालतही नाही, कारण एका मर्यादेनंतर भूकंप वाढला तरी त्या यंत्रावरची रेघ त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून आता खडक किती मोठ्या भागात फाटला, किती सरकला आणि किती कठीण होता यावरून आकडा काढतात. बातमीत मात्र अजून "रिश्टर स्केल"च.

खरा घोळ "तीव्रता" या शब्दाने केलाय. भूशास्त्राच्या मराठी पुस्तकात आकड्याला महत्ता म्हणतात, आणि तीव्रता म्हणजे त्या त्या गावात जमीन किती हादरली, भांडी पडली का, भिंतींना तडे गेले का. तीव्रता गावागणिक वेगळी असते. किल्लारी बघा. 1993 चा तो भूकंप 6.2 चा, म्हणजे कोयनेपेक्षा ऊर्जा थोडी कमीच, दोन्ही पहाटेचे, माणसं झोपेत. कोयनेत सुमारे 180 माणसं गेली आणि किल्लारीला दहा हजारांच्या आसपास. तिकडे हादरा अगदी उथळ होता, आणि गावं दाट, घरांच्या जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीचं वजनदार धाबं, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. 6.2 या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

केंद्रबिंदूचंही तसंच. बातमीतला केंद्रबिंदू म्हणजे जमिनीवरची जागा, तिच्या बरोबर खाली खोलवर खडक फाटायला सुरुवात होते. खोली 10 किलोमीटर असेल तर अगदी केंद्रबिंदूवर उभा असलेला माणूससुद्धा भूकंपापासून 10 किलोमीटर लांबच असतो. तो बिंदू शोधतात कसा, तर पहिली लाट आणि मागून येणारी जोराची लाट यात किती सेकंद गेले त्याला आठाने गुणायचं, अंतर मिळतं. कोयना गुहागरपासून सरळ रेषेत साधारण 60 किलोमीटर, म्हणजे आम्हाला आधी बारीक थरथर आणि सातेक सेकंदांनी खरा झोला. चिपळूणकरांना साडेतीन सेकंदच मिळतात. एका केंद्रावरून फक्त अंतर कळतं, निदान तीन केंद्रांभोवती त्या त्या अंतराची वर्तुळं काढली आणि ती एकत्र आली की जागा कळते, आणि तीही थोडी इकडेतिकडे होऊ शकते. म्हणून "अमुक वाडीच्या विहिरीखाली केंद्रबिंदू" असं कोणी सांगत आलं तर छापू नका.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या वेळी महत्ता एकदाच लिहा, सोबत खोली लिहा, आणि चिपळूण, गुहागर, दापोली इथे लोकांना काय जाणवलं, कौलं सरकली की नुसती भांडी वाजली, ते गावाचं नाव घालून वेगळं छापा.

आपला,
एक वाचक, गुहागर