सई, ती 'कुणाला दिसणारच नाही' वाली लाइन काढ

सई,

कानाच्या मशीनच्या जाहिरातीचं तुझं प्रेझेंटेशन बघितलं गं. मेहनत दिसते, रंग वगैरे मस्त आहेत, पण पहिल्याच स्लाइडवर 'इतकं छोटं, की कुणाला कळणारही नाही' असं आहे ना, तिथेच मी थांबले. क्लायंटला लोकांच्या मनातली मशीन लावायची लाज घालवायचीय म्हणतेस आणि पहिल्याच वाक्यात तू गिऱ्हाइकाला सांगतेस की बाबा, ही वस्तू लपवण्यासारखी आहे. नौपाड्यात इतकी वर्षं क्लिनिक चालवतेय, माणूस खुर्चीत बसता बसता हेच विचारतो, 'मॅडम, दिसणार नाही ना?' ही भीती त्याच्या डोक्यात अर्धी घरच्यांनी घातलेली असते आणि अर्धी आमच्याच धंद्याच्या जाहिरातींनी.

रेगन १९८३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष असताना मशीन लावून लोकांसमोर आले आणि तिकडे मशीनचा खप वाढला, हे तुमच्या लोकांना सांगायला आवडतं. पण त्यांचं मशीन कानाच्या आत बसणारं छोटं होतं, त्यामुळे 'लावायला हरकत नाही' याच्याबरोबर 'पण छोटंच हवं' हेही लोकांच्या मनात बसलं असावं असं मला आपलं वाटतं.

आता एक केस सांगते, नाव नाही सांगत. बँकेतून रिटायर झालेले काका, घोडबंदर रोडला राहतात, तक्रार काय तर नातवाचं बोलणं कळत नाही आणि गडकरीला नाटक बघताना अर्धे संवाद निसटतात. ऑडिओग्राम काढला तर जाड आवाजाच्या बाजूला, म्हणजे ५०० हर्ट्झपर्यंत, २५ डेसिबल, जवळपास ठीकच, आणि पातळ आवाजाच्या बाजूला, ४००० हर्ट्झला, ६५, म्हणजे बरंच कमी ऐकू येतं. म्हणजे आवाज येतो पण शब्द फुटत नाही, 'स', 'श', 'फ' असली पातळ अक्षरं गळतात, म्हणून 'ऐकू येतं मला, तुम्ही पुटपुटता' असं भांडण घरोघरी. काकांनी हट्टाने एका दुकानातून कानाच्या आत पूर्ण जाणारं सीआयसी घेतलं होतं, जाहिरात बघून. ते कान बुजवतं, त्यामुळे त्यांना स्वतःचाच आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा यायला लागला. शिवाय एवढ्याशा मशीनमध्ये बहुतेक वेळा एकच माइक मावतो, समोरच्याचा आवाज वेगळा उचलायला दोन लागतात, म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये गोंगाट आणि बोलणं दोन्ही सारखंच मोठं. मशीन कपाटात गेलं. आणि काका सगळ्यांना सांगत सुटले की मशीनचा काही उपयोग नसतो!

त्यांना मी कानामागचं आरआयसी दिलं, बारीक वायर आणि कानात बसणारा, भोकं असलेला मऊ सिलिकॉनचा डोम, त्यातून जाड आवाज आपोआप आत-बाहेर होतो आणि मशीन फक्त पातळ आवाज वाढवतं. दिसतं का? दिसतं थोडं. पण मी ट्रेमध्ये स्किन कलर ठेवलाच नाही, ग्रे आणि काळा ठेवला, आणि म्हटलं तुम्हीच निवडा. त्यांनी ग्रे घेतला, केसांना मॅच होतो म्हणून. ते निवडतानाच त्यांचा चेहरा बदलला बघ, कारण तोवर मुलगाच सगळं बोलत होता, आणि तुझ्या फिल्ममध्येही मुलगा बाबांना मशीन गिफ्ट देतो आणि बाबा रडतात, ते प्लीज काढ. ज्याच्या कानात जाणार त्याला स्वतः घेऊ दे की.

मग काय दाखवायचं? दाखव की त्याने मुद्दा खोडला, जोक त्याच्यावर नाही, त्याने मारला, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीला अडवलं. मशीन कानावर दिसत असू दे, त्यावर क्लोजअप नको आणि लपवाछपवीही नको. पण 'पहिल्यासारखं ऐकू येईल' असं चुकूनही लिहू नकोस, गोंगाटात त्रास थोडा राहतोच आणि सुरुवातीला भांड्यांचा, पेपरच्या पानांचा आवाज खुपतो, सवयीला काही आठवडे जातात. हे आधी सांगितलं की माणूस टिकतो, न सांगता विकलं की मशीन परत. आणि लॉस फार जास्त असेल तर हा उघडा डोम चालत नाही, शिट्टी वाजते, तिथे साचा घेऊन मोल्ड करावा लागतो, म्हणून एकच मॉडेल ब्रँडचा चेहरा करू नका.

यश मोजायला लाइक्स नको मोजूस. बऱ्याच डिजिटल मशीनमध्ये डेटा लॉगिंग असतं, रोज किती तास लावलं ते कॉम्प्युटरला जोडल्यावर दिसतं. क्लायंटला सांग, त्यांच्या ऑडिओलॉजिस्टकडून हा आकडा विकल्यानंतर महिन्याने आणि सहा महिन्यांनी मागवा, अर्थात पेशंटला विचारून आणि नावं न घेता. दिवसाला दहा-बारा तास असेल तर माणूस ते घेऊन बाहेर फिरतोय, तासभरच असेल तर फक्त टीव्हीपुरतं लावतोय, म्हणजे लाज तशीच आहे, तुझी जाहिरात कितीही गाजू दे.

शनिवारी क्लिनिकवर ये, मागे बसून फिटिंग बघ. पेशंटला मध्येच काही विचारायचं नाही, आणि येताना नवीन टॅगलाइन घेऊन ये.

आई