म्हापशाच्या क्लिनिकला पाठवायचा अर्ज

लेस्टर, रविवार

चि. सोनूस,

अनेक आशीर्वाद. ती. आई-बाबांना नमस्कार. आई हे पत्र तुझ्याआधी वाचणार, हे धरूनच लिहिते आहे.

तुझा अर्ज वाचला. भाषा छान आहे, पण तो म्हापशाच्या डॉक्टरांना काहीच सांगत नाही. ‘मेहनती, रुग्णांशी प्रेमाने वागणारी, शिकण्याची आवड असलेली’ हे प्रत्येक अर्जात असतं. आमच्या क्लिनिकच्या मालकीणबाई असे अर्ज माझ्याकडे सरकवतात, आणि मी ती ओळ वाचतसुद्धा नाही. मी एकच शोधते: या मुलीला खुर्चीवर एकटी सोडली तर काय होईल?

शुक्रवारच्या बाजाराला म्हापशात सगळा बारदेश लोटतो, पेडण्याकडून आणि आपल्या सावंतवाडीकडूनही माणसं येतात. बाजाराची पिशवी घेऊनच लोक दात दाखवायला बसतात. अशा दिवशी मालकाला असोसिएट हवा असतो तो ठणक लागलेला पेशंट हातावेगळा करायला. म्हणून ‘आरसीटी येते’ एवढं लिहून भागत नाही. पुढचे दात आणि उपदाढा तू एकटीने पूर्ण केल्या आहेस, खालच्या दाढा मॅडम शेजारी असताना. वरच्या पहिल्या दाढेतला चौथा कालवा शोधायला तुला अजून मदत लागते. हे तिन्ही तसंच लिही. शेवटचं वाक्य लपवावंसं वाटेल, पण मालक नेमकं तेच शोधत असतो. कुठे थांबायचं हे न कळणाऱ्या डॉक्टरची फाईल कालव्यात तुटली, तर पेशंट मालकाच्याच दारात येऊन उभा राहतो.

आणि बांबोळीच्या इंटर्नशिपमधली ती केस घाल, जी तू मला फोनवर सांगितलीस. माझ्या मते तुझ्या अर्जातला खरा ऐवज तोच आहे. परिच्छेद असा जमेल, इंग्रजी तुझं तू कर:

‘खालच्या पहिल्या दाढेत रात्रभर ठणक असलेला एक पेशंट माझ्याकडे आला. एड्रेनालिनयुक्त २ टक्के लिग्नोकेनचा ब्लॉक दिला, ओठ पूर्ण बधिर झाला. तरीही ड्रिल लावण्याआधी दाताला कोल्ड स्प्रे लावून पाहिला, तेव्हा कळ आली. म्हणून दात उघडला नाही. मॅडमना विचारून गालाच्या बाजूने ४ टक्के आर्टिकेनचं इंजेक्शन दिलं, थोडं थांबून पुन्हा थंड लावलं. या वेळी काही जाणवलं नाही. रबर डॅम लावून दात उघडला, पल्प काढला, औषध भरून तात्पुरतं सिमेंट घातलं आणि पुढची तारीख दिली.’

यात बढाई कुठेच नाही, पण जाणकार माणूस हे वाचून थबकेल. नस सुजलेली असली की ब्लॉक नीट बसूनही दात जागाच राहतो. नवशिके बधिर ओठावर विश्वास ठेवून ड्रिल लावतात, पेशंट खुर्चीत उसळतो आणि पुन्हा त्या क्लिनिकची पायरी चढत नाही. तू आधी तपासलंस, हे त्या चार ओळींतून आपोआप दिसतं. फक्त पेशंटचं नाव, गाव, फोटो यांतलं काही घालू नकोस.

वेळेबद्दलही खरं लिही. दाढेची आरसीटी तुला दोन बैठकांत होते आणि प्रत्येकीला तासभर लागतो, तर तेच सांग. त्यावरून ते तुला सकाळचे मोकळे स्लॉट देतील. ‘फास्ट आहे’ म्हणालीस तर पहिल्याच शुक्रवारी बाहेर रांग लागेल आणि आत तुझे हात थरथरतील.

भाषांचा उल्लेख एका ओळीत पुरे: कोंकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी. गोवा डेंटल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मात्र वरच, नावाखाली लिही.

आता नाजूक भाग. एमडीएसचं तू काय ठरवलं आहेस? मालकाला सगळ्यात मोठी भीती हीच असते, की मुलगी हात बसवून घेईल आणि नीटचा निकाल लागला की जाईल. जाणार नसशील तर ‘किमान दोन वर्षं’ असं स्पष्ट लिही. ठरलं नसेल तर अर्जात वचन देऊ नकोस, भेटीत सांग. बाबा म्हणतील दोन वर्षं लिहून टाक, नंतर बघू. तसं करू नकोस. गोव्यात सगळे डेंटिस्ट एकमेकांना ओळखतात.

कमाईतल्या टक्केवारीचा विषय अर्जात नको. भेटीत मात्र विचार, की टक्केवारी लॅबचं बिल वजा करून की त्याआधी. समजा कॅप ५,००० रुपयांची, लॅब १,५०० घेते आणि तुझे ३० टक्के ठरले. आधी धरले तर १,५०० मिळतील, वजा करून धरले तर १,०५०. कॅप बसली नाही आणि पुन्हा करावी लागली, तर दुसऱ्यांदाचं लॅब बिल कोणाच्या खिशातून, हेही तेव्हाच विचारून घे.

नवा मसुदा बुधवारपर्यंत पाठव, एका पानाच्या आत. आईला सांग, कोकमं पोचली.

तुझी,
ताई