रिक्षामागे चार शब्द पुरेत

मा. संपादक,
स. न.

छत्रपती संभाजीनगरात माझे रेडियमचे दुकान आहे. रिक्षामागे लावायच्या जाहिराती आम्ही रोज कापतो. पार्टी पैसे मोजते, पण जालना रोडवर मागून येणाऱ्याला त्यातले अक्षरही लागत नाही, याचे फार वाईट वाटते. म्हणून हे पत्र.

परवा मिक्सर दुरुस्तीवाल्याचा मजकूर आला. दुकानाचे नाव, मालकाचे नाव, कामांची यादी, पूर्ण पत्ता, दोन मोबाइल नंबर, अशा नऊ ओळी. जागा 36 इंच रुंद, 18 इंच उंच. म्हणजे ओळीला दोन इंच. त्यातून वेलांट्या, मात्रा, उकार वजा केले की मूळ अक्षर इंचभरही उरत नाही. आमच्या धंद्यातला ठोकताळा असा, की इंचभर अक्षर साधारण दहा फुटांवरून नीट वाचता येते. दहा फुटांवर म्हणजे स्कूटर रिक्षाला चिकटलीच की! शिवाय ताशी 30 किलोमीटर वेगात सेकंदाला 27 फूट रस्ता मागे पडतो. गाडी चालवणाऱ्याने नजर फलकावर ठेवायची तरी किती वेळ?

शेवटी दोनच ओळी ठेवल्या. वर ‘मिक्सर दुरुस्ती’, खाली ‘टीव्ही सेंटर चौक’. मोबाइल नंबर काढायला मालक तयार होईना. पण चालत्या गाडीवरून दहा आकडे कोण लक्षात ठेवणार? चौक मात्र लक्षात राहतो. वरच्या ओळीचे मूळ अक्षर 4 इंच, खालचे 3 इंच धरले. मराठीत उंची मोजायची ती वेलांटी-उकार सोडून, आणि त्यांच्यासाठी जागा वेगळी ठेवायची. ‘दुरुस्ती’त ‘दु’चा उकार खाली उतरतो, तिथे ओळी जवळ घेतल्या तर तो खालच्या वेलांट्यांत घुसतो. ‘क्स’ आणि ‘स्ती’ ही जोडाक्षरे तर आधी बुजतात. म्हणून जाड फाँट नको, अक्षराला सावली किंवा किनार नको, आणि ओळ बसवायला अक्षर आडवे दाबणे तर अजिबात नको. पिवळ्यावर काळे अक्षर स्वच्छ दिसते. काळ्यावरचे लाल संध्याकाळी दिसेनासे होते.

कापण्याआधी एक परीक्षा जरूर घ्यावी. डिझाइन पाव आकारात, म्हणजे 9 इंच बाय साडेचार इंच, साध्या ए-फोर कागदावर छापायचे, भिंतीला लावायचे आणि दहा फुटांवर उभ्या माणसाला दोन सेकंद दाखवून झाकायचे. हे रस्त्यावरच्या 40 फुटांसारखे होते. मजकूर आधी माहीत नसलेला माणूसच उभा करावा. मालकाला तो पाठ असतो, त्यामुळे त्याला सगळेच वाचता येते.

रिक्षावाल्या भावांना एक विनंती. जाहिरात मोठी करायची म्हणून नंबर प्लेट, मागचे दिवे किंवा रिफ्लेक्टर कोणालाही झाकू देऊ नका.

आपला,
एक रेडियमवाला, सिडको, छत्रपती संभाजीनगर